लघवीच्या पट्टीचा फोटो पाठवताय? आधी हे वाचा

मैत्रिणींनो,

मागच्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळी एका गटाच्या सचिव ताईंनी मला फोटो पाठवला. त्यांच्या सुनेला आठवा महिना होता. मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी आणून त्यांनी घरीच पाहिली होती. सोबत निरोप होता, "ताई, पिवळीच दिसते जी. म्हणजे काही नाही ना?"

फोटोत प्रथिनांचा, म्हणजे प्रोटीनचा चौकोन खरंच पिवळा होता. पण पट्टीचं पांढरं प्लास्टिकही पिवळंच दिसत होतं. म्हणजे पिवळेपणा बल्बचा होता. प्रोटीन नसेल तर हा चौकोन पिवळा राहतो, आणि प्रोटीन वाढेल तसा आधी हिरवट, मग निळसर हिरवा होतो. पिवळ्या उजेडात फिका हिरवा रंगही पिवळाच वाटतो. म्हणून तो फोटो वाचण्यासारखा नव्हताच.

मी फोन करून विचारलं, "सुनेचं डोकं दुखते काय?" उत्तर आलं, "दोन दिवसापासून दुखते, पण उन्हात रोवणीला जाते ना." मग पट्टी बाजूला ठेवली आणि १०२ ला फोन करायला सांगितला. दवाखान्यात रक्तदाब १५०/१०० निघाला आणि तिथल्या पट्टीवर प्रोटीन २+ आलं. तिला त्याच रात्री भरती केलं.

फोटो कसा काढायचा?

स्वच्छ, कोरड्या भांड्यात मधल्या धारेची लघवी घ्या, सुरुवातीची थोडी सोडून द्या. पांढरं पाणी जात असेल तर आधी साध्या पाण्याने जागा धुवा, कारण ते लघवीत मिसळलं तरी प्रोटीन दिसतं. पट्टी बुडवून लगेच काढा, कडेने जास्तीची लघवी निथळू द्या आणि पट्टी आडवी ठेवा. उभी धरली तर एका चौकोनाचं पाणी दुसऱ्यात उतरतं.

आता घड्याळ बघा. प्रत्येक चौकोनाची वेळ डबीवर लिहिलेली असते. बहुतेक पट्ट्यांवर साखर ३० सेकंदांनी, प्रोटीन ६० सेकंदांनी आणि पांढऱ्या पेशी २ मिनिटांनी वाचतात. चहा ठेवून आल्यावर काढलेल्या फोटोला अर्थ नाही, कारण तोवर रंग आपोआप बदलतो.

फोटो दिवसा, सावलीत काढा. फ्लॅश नको. पट्टीशेजारी त्याच डबीवरचा रंगांचा तक्ता ठेवून दोन्ही एकाच फोटोत घ्या. दुसऱ्या कंपनीचा तक्ता चालत नाही. पट्टी उलटी तर ठेवली नाही ना, हेही बघा. फोटो आला की आधी प्लास्टिक पांढरं दिसतं का ते पाहा. नसेल तर रंग जुळवूच नका.

कोणत्या निकालाची खात्री करायची?

प्रोटीन: रोवणीत पाणी कमी प्यायलं की लघवी गडद होते आणि पुसटसा हिरवा रंग येऊ शकतो. तेव्हा सकाळच्या ताज्या लघवीवर पुन्हा तपासा. गरोदर बाईला १+ किंवा जास्त दिसलं तर त्याच दिवशी सिस्टरकडून रक्तदाब मोजून घ्या. किती प्रोटीन जातंय हे नंतर प्रयोगशाळा सांगते.

साखर: लघवीत साखर दिसली म्हणजे मधुमेह ठरत नाही. गरोदरपणात ती कधीकधी तशीही दिसते. रक्ताची तपासणीच करावी लागते. उलट लघवीत साखर नाही, म्हणजे मधुमेह नाही, असंही नाही.

नायट्राइट: चौकोन सगळा गुलाबी झाला तरच धरा, नुसती कड गुलाबी असेल तर नाही. डबीचं झाकण उघडं राहिलं तरी हा चौकोन खोटा गुलाबी होऊ शकतो. आणि जळजळ, ताप असेल तर चौकोन पांढरा राहिला तरी डॉक्टरांना दाखवा. जंतुसंसर्ग असूनही तो कधी कधी पांढराच राहतो.

रक्त: पाळी सुरू असेल तर पाळी संपल्यावर पुन्हा तपासा. पाळी नसताना रक्त दिसलं तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, त्यातही लघवीतून रक्त जाऊ शकतं. घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

एक गोष्ट मात्र खात्री करत बसायची नाही. गरोदर बाईचं डोकं सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीखाली पोटात दुखत असेल किंवा चेहरा-हात सुजले असतील, तर पट्टी पिवळी असो की हिरवी, फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नका. १०२ लावा आणि दवाखाना गाठा.

तुमची सहयोगिनी