जुन्या स्पंजचं भांडवल

दवाखान्यात फिशटँक बसवून देणाऱ्याकडे डॉक्टरांची मागणी बहुधा ठरलेली असते: सोमवारी टाकी बसवा, मंगळवारी पेशंटना मासे दिसले पाहिजेत, आणि चांगले पंधरा-वीस दिसले पाहिजेत. ही मागणी जशीच्या तशी मान्य केली की आठवड्याभरात मासे मरायला लागतात आणि देखभालीचं काम हातचं जातं. घरच्या हौशीतून, थोड्या पैशांत हा व्यवसाय सुरू करणारे बरेच जण इथेच अडकतात. काच, पंप, दिवे यांत त्यांचं काहीच चुकलेलं नसतं.

घोळ पाण्यात असतो. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी नितळ असताना मासे गुदमरतात. मुरलेल्या टाकीत त्याची वासलात जिवाणू लावतात. त्यांतला एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो. ते माशांना बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदलताना निघून जातं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात आणि वाढतात सावकाश. कोऱ्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

हौशी माणसाकडे मोठ्या दुकानदारासारखा पैसा नसतो, पण घरी वर्षानुवर्षं चाललेली टाकी असते. तिच्यात दोन-तीन जादा स्पंज फिल्टर महिनाभर आधीपासून चालू ठेवले, की ते जिवाणूंनी भरतात. माझ्या मते या धंद्याचं खरं भांडवल हेच. काचेची टाकी, स्टँड, पंप हे सगळं गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशातून आणता येतं; मुरलेला स्पंज आयत्या वेळी बाजारात सहसा मिळत नाही.

एक दातांचा दवाखाना घेऊ. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी पंचेचाळीस लिटरच्या आसपास. काच आणि खडी धरून वजन सत्तर किलोंकडे जातं, म्हणून रिसेप्शनच्या प्लायवुडच्या काउंटरवर ती ठेवायची नाही. लोखंडी स्टँड, त्यावर थर्माकोलचा शीट. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून हवा सोडत ठेवायचं किंवा अँटीक्लोरीन घालायचं. मुरलेला स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीतून आणायचा, सुकू द्यायचा नाही. आणि त्याच दिवशी पाच झेब्रा मासे सोडायचे, कारण अमोनिया मिळाला नाही तर जिवाणूही उपाशी. म्हणजे मंगळवारी मासे दिसतात; फक्त पंधरा नाही, पाच. गोल्डफिश मागितले तर नको म्हणायचं. ते फार घाण करतात आणि एवढ्या टाकीत मावतही नाहीत.

पहिले दोन आठवडे दिवसाआड थेंबांच्या किटने पाणी तपासायचं. नेहमीच्या किटमध्ये अमोनिया नसेल तर नळीतलं पाणी पिवळं राहतं, असेल तर हिरवट होतं. हिरवट दिसलं की चौथा हिस्सा पाणी बदलायचं आणि एक दिवस खाद्य बंद. नायट्राइटही असंच तपासायचं. दोन्ही सलग शून्य यायला लागले की पुढचे चार-पाच मासे.

दवाखान्याच्या काही खोडी घरात नसतात. रात्री जाताना मेन स्विच बंद करतात. मग फिल्टर बारा तास थांबतो आणि स्पंजमधले जिवाणू हवेवाचून मरू लागतात. टाकीसाठी वेगळी लाइन आधीच मागून घ्यावी. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं येऊन फरशीवर सांडतं. नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवला की हे टळतं, किंवा पंपच पातळीच्या वर टांगावा. खाद्य तर कंपाउंडर घालतो, रिसेप्शनिस्ट घालते, पेशंटची मुलंही घालतात. यावर सात खणांची गोळ्यांची डबी भरून ठेवायची आणि मोठा डबा आपण घेऊन जायचा. दवाखान्यात ही पद्धत कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

सगळ्यात घातक ठरते ती स्वच्छतेची आवड. कुणीतरी प्रेमाने स्पंज नळाखाली चोळून धुतो, क्लोरीनने जिवाणू मरतात. एक-दोन दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, पाणी दुधाळ होतं. तेव्हा सगळं पाणी फेकू नये. थोडंथोडं बदलावं आणि घरून दुसरा मुरलेला स्पंज आणावा. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच. पंधरा दिवसांच्या फेरीत हेच मुख्य काम: पाइपने खडीतली घाण ओढायची, पाव हिस्सा पाणी बदलायचं, स्पंज पिळायचा.

हा स्पंज रोगही वाहून नेतो. घरच्या टाकीत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तिथून काही बाहेर न्यायचं नाही. जाळी आणि पाइपही प्रत्येक गिऱ्हाइकाचे वेगळे, त्याच्याच स्टँडखाली ठेवलेले.