तांबड्या पहाटेचा अर्थ

समुद्रावरच्या गोष्टींमध्ये एक म्हातारा खलाशी हमखास भेटतो. तांबडं फुटायच्या वेळी तो डेकवर येतो, आभाळ न्याहाळतो, पाण्यावर नजर फिरवतो आणि म्हणतो, "आज निघू नका." तरुण कप्तान त्याचं ऐकत नाही आणि दुपारी वादळ गाठतं. त्या म्हाताऱ्याने नेमकं काय पाहिलं, हे कथाकार बहुतेक वेळा सांगत नाही. ते सांगता येण्यासारखं आहे. एका खऱ्या दर्यावर्द्याने ते सविस्तर लिहूनही ठेवलं आहे.

त्याचं नाव रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विनला घेऊन 1831 साली निघालेल्या 'बीगल' जहाजाचा हा कप्तान. उमेदीची वर्षं समुद्रावर काढल्यानंतर 1854 मध्ये ब्रिटिश सरकारने हवामानाच्या नोंदी गोळा करायचं काम त्याच्याकडे दिलं. ऑक्टोबर 1859 मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वादळात फुटलं आणि सुमारे साडेचारशे माणसं बुडाली. मेलबर्नहून इतक्या लांबचा प्रवास करून ते जहाज लिव्हरपूलच्या अगदी जवळ येऊन पोचलं होतं. त्यानंतर फिट्झरॉयने 1861 पासून बंदरांना तारेने वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षी त्याचे हवामानाचे अंदाज वर्तमानपत्रात येऊ लागले.

पण लहान गावांतल्या कोळ्यांपर्यंत तार पोचत नव्हती. त्यांच्यासाठी त्याने बंदरांवर वायुभारमापक बसवले आणि सोबत आभाळ वाचायचे नियम दिले. त्यातला पहिला नियम रंगाचा होता: संध्याकाळचं आभाळ गुलाबी असेल तर हवा चांगली राहील, सकाळी लाल असेल तर वारा किंवा पाऊस येईल, सकाळी करडं असेल तर दिवस बरा जाईल. दुसरा नियम उजेड कुठे फुटतो याचा. पहिला उजेड अगदी क्षितिजाला टेकून दिसला तर हवा शांत. क्षितिजावर ढगांची भिंत असून उजेड तिच्या वरून डोकावला तर वारा सुटणार.

यात लाल रंग येतो कुठून? उगवत्या सूर्याचा प्रकाश हवेच्या थरातून तिरका येतो. माथ्यावरच्या सूर्याच्या मानाने त्याला सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत येतो. पूर्वेकडची हवा निरभ्र असेल तर हा तांबडा प्रकाश दूरवर जाऊन पश्चिमेकडच्या उंच ढगांना खालून उजळतो. म्हणजे तांबडी पहाट दोन गोष्टी एकदम सांगते: पूर्वेला आभाळ मोकळं आहे आणि पश्चिमेला ढग आले आहेत. इंग्लंडच्या अक्षांशावर हवामान बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. तेव्हा चांगली हवा निघून गेली आहे आणि ढग आपल्याकडे येत आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, शरद ऋतूतली एक पहाट घेऊ. म्हातारा धक्क्यावर उभा आहे. लाली पूर्वेपुरती न थांबता डोक्यावरून पश्चिमेपर्यंत पसरली आहे, आणि ती पिसांसारख्या विरळ, उंच ढगांवर चढली आहे. हे ढग 8-10 किलोमीटर उंचीवर असतात. उंचीमुळे ते फार लांबून दिसतात. 10 किलोमीटर उंचीचा ढग क्षितिजावर दिसतो तेव्हा तो साडेतीनशे किलोमीटर दूर असू शकतो. धक्क्यावरून समुद्राचा पृष्ठभाग मात्र जेमतेम सहा-सात किलोमीटरपर्यंतच दिसतो. येणाऱ्या हवेची पहिली खबर आभाळ देतं ती यामुळे.

मग तो पाण्याकडे वळतो. समुद्राचा रंग बराचसा आभाळाचंच प्रतिबिंब असतो, त्यामुळे नुसत्या रंगावर तो भिस्त ठेवत नाही. तो बघतो पाण्याची कांती. वाऱ्याची झुळूक जिथे टेकते तिथे बारीक सुरकुत्या पडून पाणी काळपट दिसतं. वारा ताशी 13 ते 19 किलोमीटरच्या घरात गेला की लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस येतो. हे काळे पट्टे आणि फेस कोणत्या बाजूने येत आहेत, त्यावरून वाऱ्याची दिशा कळते. आज वारा दक्षिणेकडून आहे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर कमी दाबाचं क्षेत्र डाव्या हाताला असतं. दक्षिणेच्या वाऱ्याकडे पाठ केली की डावा हात पश्चिमेकडे जातो. तांबड्या ढगांनी जे सांगितलं त्याला वाऱ्याने दुजोरा दिला. शेवटी तो वायुभारमापक बघतो. पारा रात्रीपासून उतरतो आहे. आता तो म्हणू शकतो, "आज निघू नका."

यातला एकही पुरावा एकटा पुरेसा नाही. धूळ आणि धुरानेही पहाट लाल होते. पश्चिमेचे ढग वाटेत विरून जाऊ शकतात. दाट ढगांनी पूर्वेचं क्षितिज झाकलं तर वादळ डोक्यावर असूनही लाली दिसतच नाही. म्हणून फिट्झरॉय आभाळ, वारा आणि पारा तिन्ही मिळून वाचायला सांगत असे.

हाच म्हातारा कोकणात आणला तर त्याचा रंगाचा नियम लंगडा पडेल. उष्ण कटिबंधात हवामान ठरावीकपणे पश्चिमेकडून पूर्वेला जात नाही. अरबी समुद्रातली चक्रीवादळं सहसा दक्षिणेकडे जन्मतात, उत्तरेला सरकतात आणि मग कुठेही वळतात. नोव्हेंबर 2009 मधलं 'फयान' असंच आग्नेय अरबी समुद्रात तयार झालं, उत्तरेकडे येऊन ईशान्येला वळलं आणि 11 तारखेला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. शिवाय आपल्याकडे सूर्य सह्याद्रीमागून उगवतो आणि हिवाळ्यात जमिनीवरची धूळ, धूर, धुकं यांनीही पूर्व तांबडी होते. त्या लालीवरून वादळ ओळखता येत नाही.

आपल्या तांडेलाला दुसऱ्या खुणा जास्त उपयोगी पडतात. एक म्हणजे मतलई. शांत हवेच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हा वारा वाहतो. तो पडला आणि भलत्याच दिशेचा वारा सुटला, तर किनाऱ्याच्या नेहमीच्या वाऱ्याला दाबणारं काहीतरी मोठं जवळ आल्याची शक्यता असते. दुसरी खूण लाटांची. वारा नसताना लांब, संथ, जड लाटा येऊ लागल्या तर त्या दूरच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात. दर 12 सेकंदांनी येणाऱ्या लाटांचा लोंढा खोल पाण्यात ताशी सुमारे 34 किलोमीटर वेगाने पुढे जातो. चक्रीवादळ त्याच्या निम्म्या वेगाने सरकत असलं तर लाटा त्याच्या बऱ्याच आधी किनारा गाठतात.

फिट्झरॉयच्या अंदाजांवर त्याच्या हयातीत बरीच टीका झाली. 1865 मध्ये त्याने आत्महत्या केली, आणि पुढच्याच वर्षी अंदाज आणि इशारे दोन्ही बंद झाले. वादळाचे इशारे मात्र किनाऱ्यावरच्या लोकांच्या मागणीमुळे लवकरच पुन्हा सुरू करावे लागले. ब्रिटनच्या सागरी हवामानवृत्तातल्या 'फिनिस्टेर' या समुद्रविभागाला 2002 पासून 'फिट्झरॉय' असं नाव आहे.

आभाळाचे रंग फार तर एका दिवसाची आणि आपल्या डोळ्यांच्या टप्प्यातली खबर देतात. उपग्रह वादळ समुद्रात आकार घेत असतानाच पाहतो. म्हणून होडी बाहेर काढण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा आधी ऐकावा आणि नंतर आभाळ पाहावं. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर जो जास्त सावध असेल त्याचं ऐकावं.