ओळ आधी, आवाज मागून

भौतिकशास्त्राचं तासाभराचं व्याख्यान. पहिल्या काही मिनिटांत पडद्याखालची ओळ आणि सरांचं वाक्य जवळजवळ बरोबर चालतात. पाऊण तासानंतर मात्र सर अजून प्रश्न विचारत असतात आणि खाली उत्तर उमटलेलं असतं. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याची सारी भिस्त त्या ओळींवर असते. फळ्यावर कोणत्या आकृतीकडे बोट आहे आणि ओळ कशाबद्दल आहे, याचा मेळच त्याला लागत नाही.

अशी सबटायटल्स आता बहुधा व्हिस्परसारख्या प्रणालीकडून करून घेतात. ओपन-एआयने २०२२ साली खुली केलेली ही प्रणाली साध्या संगणकावरही चालते, मोठं मॉडेल घेतलं तर वेळ जास्त लागतो इतकंच. तिला ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलं आहे. त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग इंग्रजीचा असल्याने मराठी मजकूर माणसाने वाचून दुरुस्त करावाच लागतो. आज्ञा एका ओळीची आहे:

```
whisper tas.mp4 --model medium --language mr --output_format srt
```

हाती येते ती साधी मजकुराची फाइल. प्रत्येक नोंदीत क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, आणि खाली वाक्य. स्वल्पविरामानंतरचे तीन आकडे म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग.

```
412
00:58:20,000 --> 00:58:23,500
म्हणून ऊर्जा नष्ट होत नाही.
```

वेळ चुकली की पहिला संशय मॉडेलवर जातो. पण मॉडेल चुकतं ते वेगळ्या तऱ्हेने. ते आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं आणि त्या तुकड्यात वाक्य कुठे सुरू झालं, कुठे संपलं याचा अंदाज बांधतं. सर दोन मिनिटं फळ्यावर मुकाट्याने लिहीत असतील, तर त्या शांततेत ते कधी आधीचंच वाक्य पुन्हा लिहितं, कधी न बोललेलं वाक्य रचतं, कधी पुढची ओळ लवकर दाखवतं. पुन्हा बोलणं सुरू झालं की बहुतेकदा ते रुळावर येतं, कारण प्रत्येक वेळ मूळ आवाजातल्या जागेवरूनच मोजली जाते. म्हणजे मॉडेलची चूक त्या जागेपुरती असते. पुनरुक्तीची साखळी लागली, तर `--condition_on_previous_text False` जोडून तो भाग पुन्हा काढावा. तासभर हळूहळू वाढत जाणारं अंतर मात्र बहुतेक वेळा फाइलींच्या हाताळणीतून आलेलं असतं.

म्हणून दुरुस्तीआधी मोजणी. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी एकेक ठसठशीत वाक्य निवडायचं आणि ते प्रत्यक्ष कधी ऐकू येतं ते टिपायचं. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आला, तर घड्याळ फक्त चुकीचं लावलंय. फरक एकाच गतीने वाढत गेला, तर घड्याळाची चालच चुकली आहे. एखाद्या जागी फरक एकदम उडी मारत असेल, तर तिथे बहुधा व्हिडिओ कापलेला असतो, मधल्या सुट्टीसारखा. मग कापाच्या पुढच्या ओळीच तेवढ्या सरकवायच्या.

आपल्या व्याख्यानात सबटायटलमध्ये १०० व्या सेकंदाला असलेलं वाक्य प्रत्यक्षात १०२ व्या सेकंदाला ऐकू येतं. वर दिलेली ४१२ वी ओळ आहे ३५०० व्या सेकंदाला, वाक्य येतं ३५०५.४ ला. फरक २ वरून ५.४ सेकंदांवर गेला. सबटायटलमधल्या ३४०० सेकंदांत प्रत्यक्षात ३४०३.४ सेकंद उलटले, म्हणजे चाल १.००१ पट. हा आकडा जाणकाराला लगेच ओळखू येतो: व्हिडिओ सेकंदाला २९.९७ चित्रांचा होता आणि सबटायटलच्या वेळा चित्रं मोजून ठेवणाऱ्या संपादकात ३० ची नोंद होती. एवढ्याशा फरकाने तासाला ३.६ सेकंद जातात. २५ आणि २३.९७६ यांची गल्लत झाली, तर तासाला अडीच मिनिटांच्या आसपास.

आता प्रत्येक वेळेला १.००१ ने गुणायचं आणि १.९ सेकंद मिळवायचे. १०० चे १०२ होतात, ३५०० चे ३५०५.४. सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळांना हाच नियम. 'सबटायटल एडिट' या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन ओळींच्या खऱ्या वेळा दिल्या की उरलेलं गणित तोच करतो. नुसत्या सगळ्या ओळी दोन सेकंद पुढे ढकलणं हा सर्रास केला जाणारा उपाय इथे फसवा आहे: सुरुवात जुळते, शेवट तसाच सैल राहतो.

खरी परीक्षा मधल्या ओळीची, कारण ती गणितात धरलेली नव्हती. १८०० व्या सेकंदाची ओळ या नियमाने १८०३.७ ला यायला हवी. तिथे वाक्य ऐकू आलं, तर चाल खरोखरच एकसारखी होती. ते तिथे नसेल, तर मध्येच कुठेतरी काप आहे. मग पहिल्या अर्ध्या तासात आणखी एक वाक्य घ्यायचं, आणि फरक कुठल्या दोन वाक्यांमध्ये बदलतो ते शोधत जायचं.