क्लासची फी रमीच्या टेबलावर

जून २०२५ च्या मध्यात सांगली जिल्ह्यातल्या एका ऊस उत्पादक शेतकऱ्याला मुलीच्या क्लासमधून फोन आला. मुलगी बारावीत, नीटची तयारी करत होती. वर्षाची फी ४८,००० रुपये. 'बॅच सुरू होऊन आठवडा झाला, फी आलेली नाही,' एवढंच सर म्हणाले. वडिलांना वाटलं, सरांकडून नोंद राहून गेली असेल. फेब्रुवारीत उसाचं बिल जमा झालं, तेव्हाच ही रक्कम त्यांनी खात्यात बाजूला ठेवली होती आणि वेळेवर भरायचं काम थोरल्या मुलाला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले आणि पासबुक भरून घेतलं. शिल्लक होती काही शेकडा. त्यावर पानंच्या पानं छोट्या रकमांनी भरलेली. २००, ५००, ५००, १,०००. बहुतेक व्यवहार यूपीआयचे. समोर कुठल्याशा पेमेंट कंपनीचं नाव, त्यामुळे पैसे नक्की कशासाठी गेले ते कळेना. मधेच एखादी रक्कम परत जमा झालेली. काउंटरवरच्या क्लार्कने पान पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, घरात कोण रमी खेळतं का?"

या सगळ्याचा पत्ता वडिलांना चार महिने लागला नाही, याला साधं कारण होतं. खात्याला जोडलेलं सिमकार्ड मुलाच्या स्मार्टफोनमध्ये होतं. वडील साधा फोन वापरत. पैसे काढल्याचा प्रत्येक मेसेज मुलाच्या फोनवर यायचा आणि यूपीआय पिनही त्यानेच तयार केला होता. गावोगावी अनेक घरांत अशीच सोय असते.

मुलगा २२ वर्षांचा. संध्याकाळी त्याने आधी नाही म्हटलं, मग सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्याने २०० रुपये भरले. त्याच आठवड्यात १,८५० रुपये जिंकून खात्यात घेतले. "पप्पा, पैसे खरंच खात्यात आले, म्हणून वाटलं हे खरं आहे," तो म्हणाला. मग हरत गेला आणि गेलेले परत मिळवायला पुन्हा भरत गेला. जूनपर्यंत फीची रक्कम पूर्ण करून ठेवायची, असं त्याचं ठरलं होतं. पासबुकात हिशेब लागला तो असा : एकूण ७१,३०० रुपये गेले, २३,३०० परत आले. फरक बरोबर फीएवढा.

वडिलांचा पहिला प्रश्न होता, "एवढा सारखा हरलास, म्हणजे तुला खेळता येत नव्हतं का?" मुलाला खेळता येत होतं. पैसे कसे गेले हे समजायला डाव थोडा उलगडावा लागतो.

पॉइंट्स रमीत प्रत्येकाला १३ पानं मिळतात. एक बिनजोकरची शुद्ध सिक्वेन्स आणि बाकी पानांचे मेळ जुळवून जो आधी डाव लावतो, तो जिंकतो. हरणाऱ्याच्या हातात न जुळलेल्या पानांचे गुण मोजतात, जास्तीत जास्त ८०. सुरुवातीलाच डाव सोडला तर सहसा २० गुण. गुणाला किती रुपये, हे टेबलावर आधीच ठरलेलं असतं. समजा, ५ रुपये गुणाचं टेबल आहे, दोघेच खेळाडू आहेत आणि हरणारा ३० गुणांनी हरला. त्याचे १५० रुपये गेले. पण ते सगळे जिंकणाऱ्याला मिळत नाहीत. अ‍ॅप त्यातून आपली फी कापून घेतं, साधारण १० ते १५ टक्के. १५ टक्के धरले तर साडेबावीस रुपये अ‍ॅपचे आणि जिंकणाऱ्याच्या हाती एकशे साडेसत्तावीस.

आता दोघेही सारख्याच तयारीचे आहेत आणि आलटून पालटून जिंकतात असं धरू. तरी दर डावाला दोघांच्या खिशातून मिळून साडेबावीस रुपये जातातच, म्हणजे प्रत्येकाचे सव्वाअकरा. ऑनलाइन डाव पाच-सहा मिनिटांत संपतो. तासाला दहा डाव, रात्री चार तास, असे चाळीस डाव झाले तर एका रात्रीत ४५० रुपये. शंभर रात्रींत ४५,०००. नशीब वाईट नसताना आणि खेळ कच्चा नसताना जवळजवळ एका वर्षाची फी अशी संपते. अ‍ॅपला मुलगा हरायला नको असतो, तो खेळत राहायला हवा असतो. बोनसही त्यासाठीच असतो. तो सहसा थेट बँकेत घेता येत नाही, ठरावीक रकमेचे डाव खेळल्यावर थोडा थोडा मोकळा होतो.

'रमी हा कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय,' हे मुलाने जाहिरातीत ऐकलं होतं. ते अर्धंच खरं आहे. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात कोर्टाने १३ पानांची रमी मुख्यतः कौशल्याची मानली. पत्ते लक्षात ठेवणं, कुठलं पान धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवणं, यात कसब लागतं, असं कोर्टाचं म्हणणं होतं. पण पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे. जाहिरातींनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

या घरातली गोष्ट उघडकीला आली, त्यानंतर दोन महिन्यांत कायदा बदलला. २० आणि २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेने ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणं या कायद्याने निषिद्ध केलं. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. धोका मात्र पूर्ण टळलेला नाही. प्ले स्टोअरबाहेरून, कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून उतरवून घ्यायची अ‍ॅप्स चालवणारे अनेकदा परदेशात बसलेले असतात. तिथे जिंकलेली रक्कम हाती येईल याचीही खात्री नसते.

फीचे पैसे परत मिळतील का, हे विचारायला वडील पोलीस ठाण्यातही गेले. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, पण तो उपयोगी पडतो तो कुणी फसवून किंवा परवानगीशिवाय पैसे काढले तर. इथे घरातल्याच माणसाने पिन टाकून पैसे भरले होते. ती रक्कम गेली ती गेलीच.

मग जे करण्यासारखं होतं ते केलं. सिमकार्ड वडिलांच्या फोनमध्ये आलं, यूपीआय बंद झालं आणि क्लासच्या सरांनी फी चार हप्त्यांत घ्यायचं मान्य केलं. मुलीला सगळं खरं सांगितलं. ती दोन दिवस भावाशी बोलली नाही, क्लास मात्र तिने एकही चुकवला नाही.

मुलाला आईने जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत नोंदलेला विकार आहे, 'वळण नाही' म्हणून रागावून तो जात नाही. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं, रक्कम वाढवत नेणं आणि घरच्यांपासून लपवणं ही त्याची ठळक लक्षणं. मुलात तिन्ही होती. रुग्णालय लांब असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांनी वडिलांना आणखी एक गोष्ट सुचवली : मुलाच्या नावावरचा क्रेडिट रिपोर्ट काढा. तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेलं ६,००० रुपयांचं एक कर्ज निघालं, ज्याबद्दल मुलाने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. त्याचं व्याज अजून चढत होतं. वडिलांनी आधी ते फेडलं, मग क्लासचा पहिला हप्ता भरला.