आधी तपासणी, मग पथ्य

उदाहरणादाखल एक गर्भवती डोळ्यांसमोर आणू. चौथा महिना संपत आला, उलट्या थांबल्या, पण जेवल्यावर पोट फुगायला लागलं. दूध घेतलं की पोटात गुडगुड व्हायची, म्हणून दूध बंद झालं. गव्हानं पोट फुगतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पोळी बंद झाली. आईनं शेंगदाणे खाल्ले तर बाळाला त्यांची ॲलर्जी होते असं वाचनात आलं, म्हणून भाजीतलं कूटही गेलं. तीन आठवड्यांत ताटात वरण-भात, बटाटा आणि थोडी फळं एवढंच उरलं. सासूबाई म्हणत होत्या, "अगं, दोन जिवांची आहेस, असं कसं चालेल?" त्यांची काळजी रास्त होती. पण नुसतं "सगळं खा" म्हणूनही भागत नाही, कारण या तीन पदार्थांमागची तीन कारणं एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत.

मुळात पोट फुगणं हा पुरावा नव्हे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि आतड्याचे स्नायू सैलावतात. अन्न सावकाश पुढे सरकतं, गॅस होतो, बद्धकोष्ठ होतं. लोहाच्या गोळ्या त्यात भर घालतात. म्हणून गव्हावर किंवा दुधावर आळ घेण्याआधी पाणी, भाज्या, चालणं आणि गोळ्यांची वेळ एवढं नीट पाहावं.

आता दूध. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर मोठेपणी अनेकांत कमी होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, मग गॅस, मुरडा, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण त्यानं आतड्याला इजा होत नाही. शिवाय इथे प्रश्न प्रमाणाचा असतो. लॅक्टोज नीट न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारसा त्रास न होता चालतं. तेच दूध जेवणासोबत, अर्धा-अर्धा कप करून घेतलं तर आणखी सोपं जातं. दह्यातले जिवाणू बरंचसं लॅक्टोज स्वतःच पचवतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकींना दही, ताक चालतं. खात्री करायची तर दोन आठवडे दूध थांबवून पाहावं आणि मग थोडं थोडं परत सुरू करावं. परत सुरू करण्याची पायरीच बहुतेक जणी विसरतात.

कारण मधल्या काळात कॅल्शियमचं काय? आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार गर्भवतीला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन वाट्या दह्यातून साधारण 350 आणि 60 ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून 200 मिलिग्रॅम मिळतं. चमचाभर तिळातून आणखी शंभरेक येतं, पण तिळातलं सगळं अंगी लागत नाही. उरलेली तूट भरून काढायला सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या जातात. त्या लोहाच्या गोळीसोबत घेऊ नयेत. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

गव्हाचं प्रकरण अधिक नाजूक आहे. सीलिॲक आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. मग लोह, फोलेट, कॅल्शियम शोषलं जात नाही. आजार ओळखला गेला नाही, तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाचं वजन कमी भरणं यांचा धोका वाढतो. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, जुलाब खूप दिवस चालू असतील, वजन वाढत नसेल, किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारून टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी करावी. सोबत एकूण आयजीए मोजतात, कारण तेच मुळात कमी असेल तर तपासणी फसवा निर्वाळा देते. मात्र ही तपासणी गहू खात असतानाच करायची असते. गहू सोडून बरेच दिवस गेले की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात आणि आजार असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. मग डॉक्टरांना रोज एकाहून जास्त जेवणांत गहू, तोही निदान सहा आठवडे, परत खायला सांगावा लागतो. म्हणून पोळी बंद करण्याआधी रक्त द्यावं.

सीलिॲक निघालाच, तर पथ्य आयुष्यभराचं आणि काटेकोर. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, वरई यांत ग्लुटेन नसतं, त्यामुळे मराठी स्वयंपाकघरात उपासमार होण्याचं कारण नाही. फसवणूक होते ती न दिसणाऱ्या गव्हानं. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी असतो, आणि डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीतही तो उतरतो. यावर उपाय म्हणजे घरची घरघंटी किंवा 'ग्लुटेनमुक्त' छापलेलं पीठ. नियमानुसार अशा पिठात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही.

राहिली ॲलर्जी. इथे पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते किंवा श्वास घुसमटतो. असं पूर्वी झालेलं असेल, तर तो पदार्थ पूर्ण टाळायचा, प्रमाणाचा प्रश्नच नाही. श्वास अडकला किंवा भोवळ आली, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार, गरोदरपणातही. तेवढ्या वेळात तिला डाव्या कुशीवर झोपवावं आणि तातडीनं दवाखाना गाठावा.

पण बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून आईनं शेंगदाणे सोडण्यात काही अर्थ नाही. ब्रिटनमध्ये 1998 साली, ॲलर्जीचा वारसा असलेल्या कुटुंबांतल्या गर्भवतींनी हवं तर शेंगदाणे टाळावेत, असा सरकारी सल्ला दिला गेला. त्यानं फायदा होतो असा पुरावा मिळाला नाही, म्हणून 2009 साली तो मागे घेतला. कूट सोडलेल्या आईची मात्र प्रथिनं आणि फोलेट कमी होतात.

आणखी एक सापळा म्हणजे शंभर-दोनशे पदार्थांची 'असहिष्णुता' दाखवणारी आयजीजी चाचणी. आयजीजी प्रतिपिंडं एवढंच सांगतात की तो पदार्थ तुम्ही खात आला आहात. रोज पोळी खाणाऱ्या बाईच्या अहवालात गहू लाल रंगात दिसणारच. तिच्यावरून पथ्य ठरवू नये.

मग आपल्या उदाहरणातल्या गर्भवतीनं काय करावं? शेंगदाण्यानं तिला कधीच त्रास झालेला नाही, त्यामुळे कूट आजच परत यावं. दुपारी दही, रात्री जेवणासोबत अर्धा कप दूध घेऊन पाहावं, सोसलं तर हळूहळू वाढवावं. हिमोग्लोबिन गोळ्यांनी चढत असेल आणि दुसरं लक्षण नसेल, तर पोळीही परत यावी. चढत नसेल, तर पोळी कधीपासून बंद आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगावं, कारण अहवाल कसा वाचायचा ते त्यावरच ठरतं.