भिंतीतली तार आणि टेबलावरची तार

अलीकडच्या काळात दोन्ही टोकांना प्लग बसवलेली लांबच लांब पॅच कॉर्ड ऑनलाइन मागवून ती थेट भिंतीतील पाइपातून ओढण्याची पद्धत नव्या घरांत आणि लहान कार्यालयांत रूढ झाली आहे. या सोयीमुळे तीन दशकांत घडत गेलेली एक साधी विभागणी पुसली जात असल्याने, त्या विभागणीचा मागोवा घेणे आवश्यक ठरते.

नेटवर्क केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात. यातील प्रत्येक तार एकसंध असेल तर केबल सॉलिड, आणि सात बारीक तारा एकत्र पिळून बनवलेली असेल तर ती स्ट्रँडेड म्हटली जाते. एकसंध तारेतून संकेत कमी क्षीण होत जातो, पण वारंवार वाकवल्यास ती तुटते. बारीक तारांचा पीळ वाकणे सोसतो, पण त्यात संकेताची घट अधिक होते. १९९१ साली अमेरिकेत इमारतींतील केबलांसाठी ५६८ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढील आवृत्त्यांतून स्थिरावलेल्या नियमानुसार शंभर मीटरच्या मार्गात नव्वद मीटरपर्यंत भिंतीतील सॉलिड केबल आणि उरलेल्या दहा मीटरांत रॅकमधील व टेबलाजवळील स्ट्रँडेड कॉर्ड, अशी वाटणी झाली. नव्वदचे दशक या मानकाच्या सुधारणांत सरले आणि त्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

खरा गोंधळ झाला तो २००० नंतरच्या दशकात. कार्यालये आणि सायबर कॅफे झपाट्याने उभे राहत असताना ३०५ मीटरच्या एकाच खोक्यातील सॉलिड केबल भिंतीतही जाई आणि उरलेल्या तुकड्यांना प्लग क्रिंप करून त्यांच्याच पॅच कॉर्डही बनवल्या जात, कारण तयार कॉर्डचा खर्च कंत्राटदाराला अनाठायी वाटे. अशी कॉर्ड खुर्चीच्या चाकाखाली आणि टेबलाच्या कडेवर दररोज वाकत असल्याने तिच्यातील तार आवरणाच्या आतच तडकत असे. शिवाय त्या काळी मिळणारे पुष्कळ प्लग स्ट्रँडेड तारेसाठी घडवलेले असत. त्यांचे टोकदार पाते बारीक तारांमध्ये घुसण्यासाठी असल्याने एकसंध गोल तारेवर ते बाजूला सरकत असे किंवा तिला केवळ खरवडून थांबत असे, तर सॉलिड तारेसाठीच्या प्लगचे एकाआड एक वाकवलेले दाते तारेला दोन्ही बाजूंनी पकडत. काम झाल्यावर दिव्यांच्या छोट्या टेस्टरवर आठही दिवे लागत आणि तेवढ्यावर बिल मंजूर होई. त्या टेस्टरला तार जोडलेली आहे एवढेच कळत असे; संकेताची घट किती आहे किंवा कॉर्ड हलवल्यावर काय होते, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १९९९ साली मान्य झालेल्या गिगाबिट इथरनेटला चारही जोड्या लागतात, तर आधीच्या शंभर मेगाबिटला दोनच पुरत; त्यामुळे उरलेल्या जोड्यांपैकी एखादी तार तडकली की जोडणी कधी शंभरावर उतरे, कधी मुळीच जुळत नसे, आणि दोष मात्र संगणकाच्या माथी मारला जाई.

त्या दशकाच्या अखेरीस तयार कॉर्ड स्वस्त झाल्या आणि ही चूक मावळली; पण तिच्याबरोबर भिंतीतील केबल जॅकच्या खाचांत पंचिंग टूलने दाबून बसवण्याचे कसबही लहान कामांतून मागे पडले, आणि आता नेमकी उलट चूक होत आहे. २६ गेजच्या स्ट्रँडेड तारेत सॉलिडच्या तुलनेत दीडपट घट मानकात गृहीत धरलेली आहे, म्हणजे अशी नव्वद मीटर कॉर्ड भिंतीत घातली तर संकेताच्या दृष्टीने ती १३५ मीटर सॉलिड केबलएवढी ठरते. याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही द्यायची असल्यास हिशेब अधिक बिकट होतो. जाताना दोन आणि येताना दोन तारा वापरणाऱ्या तीस वॅटच्या पद्धतीत संपूर्ण मार्गाचा रोध साडेबारा ओहमच्या आत असावा लागतो; २४ गेजच्या सॉलिड तांब्याच्या नव्वद मीटरांत तो सुमारे साडेसात ओहम भरतो, तर २६ गेजच्या स्ट्रँडेडमध्ये सुमारे साडेबारा, म्हणजे जोडण्या धरण्याआधीच मर्यादा संपते. असा कॅमेरा दिवसभर सुरळीत चालतो, पण अंधार पडून त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले आणि विजेची मागणी वाढली की तो पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होतो. अशा वेळी कॅमेरा बदलण्याआधी केबलच्या आवरणावरील छपाई वाचावी. तिथे २६ गेज आणि स्ट्रँडेड असे लिहिलेले असेल तर दोष बहुधा भिंतीतच आहे.

आजही कामाच्या दरपत्रकात बहुतेक वेळा केवळ ‘कॅट सिक्स केबल’ एवढेच शब्द असतात. तार कोणती, किती गेजची आणि ती जॅकवर संपणार की प्लगवर, हे त्यात लिहिले नसेल, तर भिंत फोडण्याचा खर्च पुढे घरमालकालाच सोसावा लागतो.