वायरच्या अंगावर काय छापलंय?

गीझरची लाइन बदलायची तर वायरमन आधी ब्रँड विचारतो. पॉलिकॅब की फिनोलेक्स, हा प्रश्न नंतरचा. आधी वायरवरची छपाई वाचा. ‘११०० व्होल्ट’ म्हणजे इन्सुलेशन किती दाब सोसतं ते. करंट किती वाहील, हे तांब्याच्या जाडीवर ठरतं. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा स्विच हवा. दिव्याचा ६ अँपिअरचा चालणार नाही. ‘एफआर’ वायर आग पसरू देत नाही, पण धूर करते. बंद फ्लॅटमध्ये कमी धुराची ‘एफआरएलएसएच’ बरी. आयएसआय चिन्हाजवळचा ‘सीएम/एल’ क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव जुळलं नाही, तर गुंडाळी दुकानदाराला परत करा.